पगारवाढ झाली, पण पैसे कुठे गेले? पहिला वाढीव पगार येण्याआधी करायची कामं, क्रमाने

अप्रेझलचं लेटर येतं, त्यावर १० किंवा १२ टक्के लिहिलेलं असतं, घरी पेढे येतात आणि दिवाळीपर्यंत महिन्याच्या २५ तारखेला अकाउंटची हालत परत होती तशीच झालेली असते. ऑफिसात आणि नात्यात हे इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की आता वाटतं यात उधळेपणाचा भाग कमीच असतो, घोळ असतो तो क्रमाचा. लोक आधी खर्च ठरवतात आणि मग उरलं तर बचत, किंवा उलट जोशात येऊन झेपणार नाही एवढी एसआयपी लावतात आणि तिसऱ्या महिन्यात बंद करतात. दोन्हीचं मूळ एकच, नक्की किती वाढलंय हेच त्यांनी मोजलेलं नसतं.

म्हणून हा लेख फक्त लेटर हातात पडल्यापासून पुढच्या तीन-चार महिन्यांबद्दल आहे. कुठल्या फंडात पैसे टाकायचे हा विषय इथे नाही. उदाहरणाला माझ्या एका मित्राचे आकडे घेतलेत, त्याला विचारूनच. तो घणसोलीला भाड्याने राहतो, ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, घरात बायको आणि तिसरीतली मुलगी, आईवडील गावी. कमावणारा तो एकटाच. सीटीसी १२ लाख होतं, १२ टक्के वाढ मिळून १३ लाख ४४ हजार झालं.

टप्पा १ : लेटरवरची वाढ बाजूला ठेवा, हातात किती वाढतंय ते काढा

यासाठी तीन कागद लागतात. जुनी सॅलरी स्लिप, नवीन लेटरच्या मागे जोडलेलं पगाराचं ब्रेकअप, आणि बँकेचं मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट. ब्रेकअप आलं नसेल तर एचआरला मेल टाकून मागून घ्या, अंदाजाने पुढे जाऊ नका.

मित्राने लेटर बघितल्या बघितल्या हिशोब केला की वर्षाला १,४४,००० वाढले म्हणजे महिन्याला १२,०००. मला फोन करून म्हणाला, "अरे बारा हजार वाढलेत, सात हजारांची एसआयपी लावून टाकतो आणि बाकीचे घरात." मी म्हटलं थांब, आधी ब्रेकअप पाठव.

ब्रेकअप बघितल्यावर त्या १२,००० चं काय झालं बघा. त्याचा बेसिक ५०,००० वरून ५६,००० झाला. त्यामुळे कंपनीचा पीएफचा वाटा ६,००० वरून ६,७२० झाला, म्हणजे ७२० रुपये तिकडे गेले, कारण तो वाटा सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या ४.८१ टक्के धरतात, तिथे साधारण २९० गेले. व्हेरिएबल पे ८ टक्के आहे, ते वाढलं महिन्याला ९६० ने, पण ते महिन्याला येतच नाही, वर्षातून एकदा येतं आणि तेही रेटिंग बघून. आणि त्याचा स्वतःचा पीएफ ७२० ने जास्त कापला जाणार. हे सगळं गेल्यावर हातात येणारी वाढ निघाली ९,३११ रुपये. आधी ७७,३९५ मिळायचे, आता ८६,७०६ मिळणार.

पीएफमध्ये जास्तीचे गेलेले पैसे वाया गेले असं नाही, ती बचतच आहे आणि चांगली बचत आहे. पण ते पैसे बँकेतल्या पैशांसारखे हवे तेव्हा हाताशी येत नाहीत, म्हणून पुढच्या वाटपात ते धरू नका. "माझा पीएफ वाढला ना, मग बचत झाली" असं म्हणून उरलेलं सगळं खर्चाला मोकळं करणारे बरेच आहेत.

तुमच्या स्लिपवर पीएफ दरमहा सरळ १,८०० कापला जात असेल तर तुमची कंपनी १५,००० च्या मर्यादेवर पीएफ काढते. मग बेसिक वाढला तरी पीएफ वाढणार नाही आणि हातातली वाढ थोडी जास्त दिसेल. अशा लोकांनी स्वतःहून बचत जास्त करायला हवी, कारण त्यांच्यासाठी पीएफ आपोआप वाढत नाहीये. महाराष्ट्रातला प्रोफेशनल टॅक्स मात्र या पगाराला महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० एवढाच राहतो, तिथे काही फरक पडत नाही.

टॅक्सची एक जागा इथेच तपासा. २०२५-२६ च्या नवीन रिजीममध्ये करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो आणि नोकरदाराला त्याआधी ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. मित्राचा फिक्स पगार आणि पूर्ण व्हेरिएबल धरून डिडक्शननंतर करपात्र आकडा ११,५६,००० च्या आसपास आला, म्हणजे रेषेच्या जेमतेम ४४,००० खाली. आता त्याला एफडीचं ५०,००० व्याज असेल तर तो रेषा ओलांडतो. ओलांडल्यावर सुरुवातीला, साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत, १२ लाखांच्या वर जेवढे रुपये जातील जवळपास तेवढाच टॅक्स लागतो, वर सेस. म्हणजे त्या पट्ट्यातली कमाई जवळजवळ सगळी टॅक्समध्येच जाते. तुमचं पॅकेज या पट्ट्याच्या जवळपास असेल तर फक्त पगार बघून चालणार नाही, व्याज आणि बोनस मिळवून बघा, आणि एचआरने टीडीएस किती धरलाय ते विचारा. नाहीतर हातातली वाढ एप्रिलमध्ये एक आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये भलतीच निघते.

> तपासणी : पहिल्या वाढीव पगाराच्या स्लिपवरून वाढ मोजू नका. त्यात एरिअर्स मिसळलेले असतात, पीएफही एरिअर्सवर एकदम कापलेला असतो. दुसरी स्लिप आली की तिच्याशी तुमचा आकडा जुळवा. शंभर-दोनशेचा फरक ठीक, हजाराचा असेल तर कुठलं तरी डिडक्शन सुटलंय.

टप्पा २ : जे खर्च तसेही वाढणार आहेत ते आधी वजा करा

हा टप्पा लोक सरसकट गाळतात आणि खरा घोळ इथेच होतो. पगार वर्षातून एकदा वाढतो, पण तुम्ही काहीही नवीन न घेता जुनेच खर्च वर्षभर एकेक करून वाढत असतात. भाडं ऑगस्टमध्ये, शाळेची फी जूनमध्ये, मेडिक्लेमचा प्रीमियम नोव्हेंबरमध्ये. प्रत्येक वेळी वाटतं की ठीक आहे, पगार वाढलाय ना, आणि तीच वाढ चार वेळा वापरली जाते.

म्हणून कागदावर पुढचे बारा महिने लिहा आणि प्रत्येक जुन्या खर्चाच्या पुढे तो कधी आणि किती वाढणार ते लिहा. वर्षाचा खर्च असेल तर १२ ने भागा.

मित्राच्या कागदावर असं निघालं. भाडं २४,०००, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट ऑगस्टमध्ये संपतंय आणि मालक ५ टक्के वाढवणार, म्हणजे १,२००. शाळेची वर्षाची फी ६६,००० ची ७२,००० झाली, महिन्याला ५०० पडले. शाळेची व्हॅन २,२०० ची २,५००, म्हणजे ३००. आईबाबांच्या मेडिक्लेमचा प्रीमियम ३६,००० वरून ४०,२०० जाणार, महिन्याला ३५०. कामवाल्या ताईंना ३०० वाढवायचं आधीच कबूल केलेलं. किराणा, भाजी, दूध, गॅस मिळून १४,००० होतात, त्यावर ५ टक्के धरून ७००. एकूण ३,३५०.

९,३११ मधून ३,३५० गेले, उरले ५,९६१. ही त्याची खरी वाढ. १२,००० चे आधी ९,३०० आणि आता सहा हजारांच्या आत. आणि तो सात हजारांची एसआयपी लावायला निघाला होता. लावली असती तर जून-जुलै बरे गेले असते, ऑगस्टमध्ये भाडं वाढलं असतं, सप्टेंबरमध्ये गणपतीसाठी गावी जाण्याचा खर्च आला असता आणि हप्ता बाउन्स झाला असता. बँक बाउन्सचा चार्ज लावते तो वेगळा, आणि महिन्याच्या एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की फंड हाउस ती एसआयपीच बंद करतं. एकदा बंद पडली की माणूस परत सुरू करायला वर्ष घालवतो.

या यादीत हव्याहव्याशा गोष्टी घुसवू नका. "या वर्षी एसी घ्यायचाय" हे इथे येत नाही, इथे फक्त आज चालू असलेले खर्च. आणि आकडा कमी धरू नका, मालक १० टक्के मागण्याची शक्यता असेल तर १० धरा. तुमचं स्वतःचं घर असेल तर भाड्याच्या जागी सोसायटीचं मेंटेनन्स आणि लोनचा रेट बघा. घोडबंदर रोडच्या बऱ्याच नव्या कॉम्प्लेक्समध्ये बिल्डरने आधीच घेतलेलं मेंटेनन्स संपलं की सोसायटी स्वतःचे दर लावते आणि तो झटका बसतो, तुमच्या सोसायटीत ते कधी होणार हे कमिटीतल्या कोणाला तरी विचारून घ्या.

> थांबा : खरी वाढ शून्याच्या आसपास किंवा उणे निघाली तर पुढचे वाटपाचे टप्पे सोडा. अशा वेळी नवीन काहीही सुरू करायचं नाही, बचतही आहे तेवढीच चालू ठेवायची. ५-६ टक्के वाढ मिळालेल्या आणि दोन मुलं शाळेत असलेल्या घरांत हे अगदी सहज निघतं.

टप्पा ३ : एरिअर्स वेगळे काढा, ते वाढ नाहीत

बहुतेक कंपन्यांत वाढ एप्रिलपासून लागू होते आणि लेटर मे-जूनमध्ये येतं. मग जूनच्या पगारात मागच्या दोन महिन्यांचे एरिअर्स एकदम येतात. मित्राला १८,६०० आले. हा पैसा धोकादायक आहे कारण तो एकदाच येतो पण दिसतो मोठा, आणि त्याच्या जोरावर लोक महिन्याचं ओझं उचलतात. फोनचं डाउन पेमेंट एरिअर्समधून भरलं, पुढचे १८ हप्ते पगारातून, असं.

नियम सोपा ठेवा. एकदाच आलेला पैसा एकदाच होणाऱ्या कामाला जाईल, आणि पहिलं काम क्रेडिट कार्डाची थकबाकी. कार्डावर मिनिमम ड्यू भरत फिरवत असाल तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, वर त्या व्याजावर जीएसटी. वर्षाचे ४० टक्क्यांच्या पुढे जातात. असं व्याज चालू असताना एसआयपी वाढवणं मला तरी पटत नाही, कुठली गुंतवणूक त्याची बरोबरी करणार?

मित्राच्या कार्डावर १४,००० फिरत होते. एरिअर्समधून ते पूर्ण भरले, उरलेले ४,६०० इमर्जन्सीच्या एफडीला जोडले. तिथे विषय संपला. कार्डाची रक्कम एरिअर्सपेक्षा मोठी असेल तर टप्पा ४ मधला बचतीचा सगळा वाटा ती फिटेपर्यंत कार्डालाच द्या.

व्हेरिएबल पेलाही हाच नियम. ते पूर्ण मिळेल असं धरून काहीही ठरवू नका, मिळाल्यावर बघा.

टप्पा ४ : खऱ्या वाढीचे दोन वाटे, लेखी

खऱ्या वाढीतला दोन तृतीयांश भाग बांधून टाकायचा आणि एक तृतीयांश जगण्यासाठी मोकळा ठेवायचा, हे माझं मत. सगळीच्या सगळी वाढ बचतीत टाका असं सांगणारे भेटतील, पण वर्षभर जास्त काम करून घरच्यांना काहीच फरक जाणवला नाही तर ते टिकत नाही, दोन-तीन महिन्यांत कुठून तरी फुटतं. आणि अर्धं-अर्धं केलं तर मला कमी वाटतं, कारण जुन्या खर्चांची वाढ आपण टप्पा २ मध्ये आधीच मान्य केलेली आहे, म्हणजे खर्चाला त्याचा वाटा मिळून गेलाय.

मित्राच्या ५,९६१ मधले ४,००० बांधायचे आणि १,९५० च्या आसपास मोकळे, असं ठरलं. ठरलं म्हणजे नवराबायकोने बसून एका कागदावर लिहिलं. हे दोघांनी मिळूनच करा, कारण एकाने ठरवलं आणि दुसऱ्याला माहीतच नाही तर दुसऱ्याच्या डोक्यात वाढ अजून १२,०००च असते आणि तो किंवा ती त्या हिशोबाने चालते.

बांधायचे ४,००० कुठे टाकायचे याचा क्रम असा ठेवलाय. आधी इमर्जन्सीचा पैसा, म्हणजे घराचा निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी. मित्राचा खर्च महिन्याला ६८,००० च्या घरात, म्हणजे दोन लाखांच्या वर हवेत, आणि होते फक्त ६५,०००. म्हणून ४,००० मधले ३,००० आरडीला आणि १,००० ने चालू एसआयपी वाढवली. एसआयपीला पूर्ण थांबवलं नाही कारण सवय मोडू नये एवढंच. मार्चमध्ये व्हेरिएबल आलं की ते इमर्जन्सीत टाकायचं, आणि भरलं की आरडीचे ३,००० एसआयपीकडे वळवायचे.

होम लोन असलेल्यांसाठी वेगळा रस्ता आहे आणि तो चांगला आहे. समजा ४० लाखांचं लोन, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता साधारण ३४,७००. हाच हप्ता सुरुवातीपासून ४,००० ने वाढवला तर २४० हप्त्यांच्या जागी साधारण १८७ हप्त्यांत लोन संपतं, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं वाचतात. फ्लोटिंग रेटच्या वैयक्तिक होम लोनवर जास्तीचं भरायला दंड नाही. फक्त बँकेला लेखी सांगा की मुदत कमी करा, आणि पुढच्या स्टेटमेंटवर शिल्लक हप्ते खरंच कमी झालेत का ते बघा. कधीकधी एकदम भरलेल्या रकमेवर बँक मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करते, मग तो सुटलेला पैसा परत घरखर्चात मिसळून जातो आणि सगळ्याचा उपयोग शून्य. पण इमर्जन्सीचा पैसा नसताना लोनमध्ये जास्तीचं भरू नका, भरलेलं परत काढता येत नाही.

> चूक जी फार होते : बचतीची रक्कम ठरते पण ती "महिनाअखेरीला उरेल त्यातून" जाते. उरत नाही.

टप्पा ५ : पगार येण्याआधी तारखा लावा

इथे खरं म्हणजे हाताने करायचं काम आहे आणि ते पहिला वाढीव पगार जमा व्हायच्या आधी झालं पाहिजे. एकदा दोन महिने वाढीव रक्कम खर्चाच्या अकाउंटला दिसली की घराचा खर्च त्या आकड्याला येऊन टेकतो आणि मग तिथून कमी करणं म्हणजे घरातल्यांना काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटतं. कधी दिसलीच नाही तर वाद होत नाही.

क्रम असा :

१. पगाराचं अकाउंट आणि रोजच्या खर्चाचं अकाउंट वेगळं करा. यूपीआय फक्त खर्चाच्या अकाउंटला जोडलेलं ठेवा, पगाराचं अकाउंट यूपीआयमधून काढून टाका. हे एक केलं तरी बराच फरक पडतो.

२. आरडी आणि एसआयपीच्या तारखा पगाराच्या तारखेनंतर आठवड्याभरात ठेवा. मित्राचा पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी येतो, त्याने आरडी ३ तारखेला आणि एसआयपी ५ ला ठेवली. पगाराच्याच दिवशी ठेवू नका, सुट्टी आडवी आली किंवा पगाराला एक दिवस उशीर झाला की हप्ता बाउन्स होतो.

३. एसआयपी वाढवताना जुन्या बँक मँडेटची कमाल मर्यादा बघा. मँडेट ५,००० चं असेल आणि एकूण हप्ता ६,००० होत असेल तर नवीन मँडेट लागतं, आणि ते रजिस्टर व्हायला वेळ जातो. म्हणून लेटर आलं त्याच आठवड्यात फॉर्म भरा. मँडेट होईपर्यंत तेवढे पैसे दर महिन्याला स्वतः आरडीच्या किंवा बचतीच्या अकाउंटला पाठवा, खर्चाच्या अकाउंटला पडू देऊ नका.

४. टप्पा २ मधले वर्षाचे खर्च, म्हणजे शाळेची फी आणि मेडिक्लेम, यांचे वाढीव ८५० रुपयेही दर महिन्याला बाजूला जाऊ द्यात. ते बचतीचे नाहीत, नोव्हेंबरमध्ये प्रीमियमला आणि जूनमध्ये फीला वापरायचेत. पण वेगळे ठेवले नाहीत तर तोपर्यंत संपलेले असतात.

५. यानंतर खर्चाच्या अकाउंटला एक ठरलेली रक्कम पाठवायची, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून. महिना त्यातच.

> तपासणी : ६ तारखेला पगाराच्या अकाउंटला जवळपास काहीच शिल्लक नसावं. भरपूर दिसत असेल तर कुठला तरी हप्ता गेलेला नाही, लगेच बघा.

टप्पा ६ : मोकळ्या वाट्यातून एकच गोष्ट, नाव घेऊन

आता राहिले १,९५०. हे "घरात वापरू" असं म्हटलं की ते जेवण मागवण्यात आणि दहा मिनिटांत येणाऱ्या किराण्यात जातात आणि महिनाअखेरीला कोणालाच आठवत नाही काय मिळालं. म्हणून एक गोष्ट निवडा जी घरातल्या सगळ्यांना कळेल की ही पगारवाढीतून आली. मित्राकडे मुलीचा वाशीतला स्विमिंगचा क्लास ठरला, महिन्याला १,३००. उरलेले ६५० बायकोने म्हटलं माझ्याकडे सुटे असू देत, आणि ते बरोबरच आहे.

निवडताना एकच प्रश्न विचारा. पगार दोन महिने थांबला तर हे लगेच बंद करता येईल का? स्विमिंग बंद करता येतं. लोकलचा सेकंड क्लासचा पास फर्स्ट क्लासचा केला तर पुढच्या महिन्यात परत सेकंडचा काढता येतो. कारचं लोन बंद करता येत नाही, मोठ्या घराचं भाडं एका महिन्यात कमी करता येत नाही, महागड्या शाळेतून मुलाला मधेच काढता येत नाही. पगारवाढ गिळतात त्या या तीन गोष्टी, हॉटेलचं जेवण त्यामानाने किरकोळ आहे.

कारचंच बघा, कारण अप्रेझलनंतर मित्राच्या घरीही विषय निघालाच होता. ७ लाखांचं लोन, साडेनऊ टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता साधारण १४,७००. त्याची खरी वाढ सहा हजारांच्या आत. म्हणजे या वर्षीची अख्खी वाढ आणि पुढच्या दोनेक अप्रेझलांची वाढ आजच खर्च झाली, आणि यात पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग धरलेलं नाही. वर घणसोलीत सोसायटीत पार्किंग मिळायला हवं, मिळालं तर त्याचे पैसे वेगळे, नाही मिळालं तर रोज रात्री रस्त्यावर जागा शोधा. आणि तो ऑफिसला जाणार ट्रेननेच, ठाणे स्टेशन आणि पुढे शेअर रिक्षा, कारण वागळे इस्टेटला गाडी घेऊन जाण्यात वेळ वाचत नाही. म्हणजे गाडी शनिवार-रविवारची. त्यांनी एक वर्ष पुढे ढकललं आणि गावी जाताना भाड्याची गाडी घ्यायचं ठरवलं.

मोठ्या घराचंही तेच. वन बीएचकेतून टू बीएचकेत गेलात तर फक्त भाड्यातला फरक मोजू नका. डिपॉझिट वाढतं, ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं जातं, दुसऱ्या बेडरूमला पंखा-पडदे-कपाट लागतं, मग तिथे एसी, मग लाइट बिल. एका मोठ्या खर्चाच्या मागून चार लहान येतात आणि ते कोणी आधी लिहीत नाही. मुलं मोठी झाली, आईवडील राहायला येणार म्हणून घर बदलणं गरजेचं असेल तर जरूर बदला, पण मग टप्पा ४ मधलं सगळं वाटप नव्याने करा, आहे त्याच्यावर वरून चढवू नका.

> चूक : झिरो कॉस्ट ईएमआयला "खर्चच नाही" समजणं. व्याज नसलं तरी महिन्याचा हप्ता आहेच, आणि असे तीन हप्ते एकत्र आले की मोकळा वाटा संपून बांधलेल्या वाट्याला हात लागतो. चालू असलेला एक हप्ता संपेपर्यंत दुसरा घेऊ नका.

टप्पा ७ : तीन महिन्यांनी एक आकडा बघा

रोजचा खर्च लिहायला मी सांगणार नाही, फार थोडे लोक ते टिकवतात. एकच बघा, पगाराच्या आदल्या दिवशी खर्चाच्या अकाउंटला शिल्लक किती, तीन महिन्यांची तिन्ही. शिल्लक थोडी का होईना उरते आहे आणि क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरलं जातंय, तर वाटप बरोबर आहे. कार्डाचं बिल मुद्दाम बघा, कारण अकाउंट ठीक दिसत असतं आणि खर्च कार्डावर सरकलेला असतो. बिल जून ते ऑगस्ट दर महिन्याला हजार-दीड हजाराने चढत असेल तर पगारवाढ तिथून गळतेय.

गळती सापडली तर पहिल्यांदा यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची यादी उघडा. तिथे यूपीआयवर चालू असलेली मँडेट दिसतात, फ्री ट्रायल म्हणून घेतलेली आणि विसरलेली सबस्क्रिप्शन तिथेच सापडतात, आणि तिथूनच बंद करता येतात. त्यानंतर जेवण आणि किराणा मागवायच्या अ‍ॅपवर मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरींची बेरीज करा. मित्राच्या घरी गळती इथेच निघाली, आणि ती बाहेरच्या जेवणाची नव्हतीच, दूध-ब्रेड संपला म्हणून उघडलेल्या अ‍ॅपवर दर वेळी शंभर-दीडशेचं जास्तीचं काहीतरी येत होतं. त्यांनी अ‍ॅपमधून कार्ड काढलं आणि दूध परत खालच्या डेअरीतून लावलं.

एवढं करूनही पैसे कमी पडत असतील तर बांधलेली रक्कम कमी करा, पूर्ण बंद करू नका. ४,००० झेपत नसतील तर ३,००० करा. आणि हे हप्ता बाउन्स होण्याआधी करा, एसआयपीमधला बदल लागू व्हायलाही काही दिवस लागतात, म्हणून तारखेच्या दोन आठवडे आधी हलवा.

भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू झालं की टप्पा २ चा कागद परत काढा आणि खरा आकडा भरा. मित्राच्या मालकाने १,२०० च्या जागी २,००० वाढवून मागितले, बोलून १,५०० वर आलं. धरलं होतं त्यापेक्षा ३०० जास्त, ते बायकोकडच्या ६५० मधून घ्यायचं दोघांनी ठरवलं आणि मुलीचा क्लास चालू राहिला. हा कागद नवीन लेटरबरोबर एका फोल्डरमध्ये ठेवा, पुढच्या अप्रेझलला टप्पा १ चे जुने आकडे तिथेच मिळतील.